जोड ऐकू येता कामा नये

गाण्यातला आपला आवडता तुकडा आणि रिंगटोन व्हायच्या लायकीचा तुकडा हे दोन क्वचितच एक असतात. आवडता तुकडा आपण रात्री, दिवा मालवून, कानात इअरफोन खुपसून निवडलेला असतो. रिंगटोनला नशिबात असतो पँटचा खिसा, नाहीतर पर्समध्ये डबा, छत्री आणि कढीपत्त्याची जुडी यांच्याखालचा तळ. तिथून तिला बाहेर ऐकू जायचं असतं, तेही नखाएवढ्या स्पीकरमधून. हा स्पीकर खालचे सूर जवळजवळ वाजवतच नाही. तबल्याचा डग्गा त्याच्या लेखी अस्तित्वात नसतो. उरते ती चाटेवरची टिकटिक. ज्या घुमाऱ्यावर जीव जडला होता, तो घुमारा फोनने गिळून टाकलेला असतो आणि मालक मात्र चारचौघांत ‘काय ठेका आहे बघा’ म्हणून मान डोलावत असतो. तो आठवणीतला ठेका ऐकतो, बाकीचे फोनमधला.

हे सगळं मला मिरजेच्या मामाने शिकवलं असं म्हणायला हवं, कारण त्याला रिंगटोन करून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामा भजनी मंडळात तबल्याला बसतो. कानाचा अतिशय तयार आणि फोनच्या बाबतीत अतिशय निष्पाप. त्याला एक जुनी लावणी हवी होती. गाण्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तुमच्याही डोक्यात तेच वाजत राहील.

तसं म्हटलं तर लावणी त्याच्या फोनवर आधीपासून होती. टीव्हीवर लागली असताना त्याने फोन समोर धरून ध्वनिमुद्रण केलं होतं. त्यात ढोलकी होती, बाई गात होत्या आणि सहाव्या-सातव्या सेकंदाला मामाच्या घरच्या कुकरची खणखणीत शिटी होती. त्यामागोमाग मामीचा आवाज: ‘तीन झाल्या का हो?’ पुढे कित्येक महिने मामाचा फोन वाजला की मामी उठून गॅस बंद करायला जायची. मंडळातले लोक भजनाच्या मध्येच ‘चार झाल्या’ असं उत्तर द्यायला लागले, तेव्हा मामाला नवी, स्वच्छ रिंगटोन हवीशी वाटली.

‘गाणं डाऊनलोड केलेलंच आहे,’ मामा म्हणाला. ‘तू फक्त काप.’

पहिली ठेच सगळ्यांना इथेच लागते. गाणी ऐकवणाऱ्या अॅपमध्ये ‘डाऊनलोड’ झालेलं गाणं फोनमध्ये येतं खरं, पण कुलूपबंद येतं. त्या अॅपखेरीज दुसऱ्या कुणाला ते उघडता येत नाही. कापायचं अॅप गाण्यांची यादी दाखवतं, तेव्हा त्या यादीत ही लावणी नसतेच. असतात ते व्हॉट्सअॅपवर आलेले सुप्रभाताचे ऑडिओ आणि कुणाच्या तरी साखरपुड्याला यायचा निरोप. कापायला खरी फाईल लागते, म्हणजे `.mp3` किंवा `.m4a` असं शेपूट असलेली, तुम्ही विकत घेतलेली किंवा तुमच्याच सीडीवरून उतरवलेली. मामाकडे लावण्यांची सीडी होती. सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं. ते शेवटी शेजारच्यांच्या जुन्या संगणकात सापडलं आणि शेजारच्यांनाही आपल्याकडे असलं काही आहे याचं नवल वाटलं.

मग अॅप. फुकटची अॅपं पैशाला पासरी आहेत आणि कामाला सगळी सारखीच. मी घेतलं ते नाव न सांगण्यासारखं होतं. उघडल्याबरोबर एक जाहिरात, गाणं निवडल्यावर दुसरी, आणि कापलेला तुकडा ऐकायच्या आधी एका शेतीच्या खेळाची तिसरी. त्यात एक कोंबडी ओरडायची. मामा दर वेळी ‘हे आपल्यात नको’ म्हणायचा. त्यानंतर अॅपने परवानग्या मागितल्या. गाण्यांच्या फाईली बघायची परवानगी समजण्यासारखी आहे. रिंगटोन परस्पर बदलून हवी असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये फेरफार करायची परवानगीही लागते, तीही द्यावी. पण संपर्कांची यादी मागितली तर ती फक्त एखाद्या माणसाला वेगळी रिंगटोन लावण्यासाठी असते. तसं करायचं नसेल तर खुशाल नाही म्हणावं, काही अडत नाही. मामाने मात्र ‘मागतंय बिचारं’ म्हणून ठिकाणासकट सगळ्याला होकार दिला होता. लावणी कापायला मिरजेचे अक्षांश-रेखांश कशाला लागतात हे कुणी मला समजावून सांगेल काय?

तुकडा केवढा कापायचा, यावर आमची पहिली चर्चा झडली. मामाचं म्हणणं, कापायचं कशाला, अख्खं गाणं ठेव. ठेवता येतं. पण भारतात मोबाईल किती वेळ वाजेल हे ठरलेलं आहे. कुणी उचललाच नाही तर तीस सेकंद. लँडलाईनला साठ. ट्रायने नोव्हेंबर २०१९मध्ये हा नियम केला आणि त्यामागे मोठी मजेदार भांडणं होती. तेव्हा एका कंपनीचा फोन दुसरीच्या ग्राहकाला लागला की करणाऱ्या कंपनीने घेणाऱ्या कंपनीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे, अशी रीत होती. मग वाजण्याची वेळ वीस-पंचवीस सेकंदांवर आणली गेली. माणूस फोनपर्यंत पोचायच्या आत वाजणं बंद, मिस्ड कॉल पडला, आता त्याने उलट फोन करावा आणि सहा पैसे त्याच्या कंपनीने द्यावेत, असा हा डाव असल्याचा आरोप कंपन्यांनी एकमेकींवर केला. देशातल्या समस्त मामांचा चष्मा शोधण्याचा वेळ त्या सहा पैशांत भरडला जात होता. असो. सांगायचं ते एवढंच, की तिसाव्या सेकंदानंतरचं गाणं कुणाच्याही कानावर पडत नाही. आयफोनवाले गॅरेजबँडमध्ये रिंगटोन करतात तेव्हा तिथंही तीस सेकंदांचीच मर्यादा पडते, त्याहून मोठा तुकडा ते आपणहून छाटतं.

आणि तीस सेकंद हीसुद्धा फार उदार मनाची गोष्ट झाली. मामी फोन पहिल्या दोन सेकंदांत उचलते. तिच्या रिंगटोनला सुरुवातीचं संगीत ठेवलं तर गायिका जन्मात गाणार नाही. जुन्या गाण्यांत तर आधी सारंगी किंवा बासरी हळूच डोकावते, मग घुंगरू, मग शांतता, मग एकदाची थाप. हे सगळं थिएटरात छान. खिशात मात्र पहिली पाच सेकंदं फोन वाजतोय हेच कळत नाही. म्हणून तुकडा उचलावा तो जिथं आवाज पहिल्या क्षणापासून भरलेला आहे तिथून. बासरी, सनई, हार्मोनियम, बाईचा वरच्या पट्टीतला सूर, हलगी आणि ढोलकीच्या शाईवरचा टणत्कार ही मंडळी बारक्या स्पीकरमधून छान बाहेर पडतात. ढोलकीचा धुम आणि पखवाजाचं गांभीर्य आत राहतं. खात्री करायची असेल तर निवडलेला भाग इअरफोन काढून वाजवावा, फोन उशीखाली सारावा आणि शेजारच्या खोलीत जाऊन उभं राहावं. जे तिथं ऐकू येतं, ती तुमची रिंगटोन. मामाच्या मनातला तुकडा या परीक्षेत साफ नापास झाला. तिथं मुखड्याआधी ढोलकी एकटीच होती आणि उशीतून ती कुणीतरी नखाने टेबल वाजवावं तशी येत होती. ‘वादकाचा अपमान आहे हा,’ मामा म्हणाला आणि मुकाट मुखड्यावर आला.

आता कापणं. अॅपमध्ये गाणं लाटांच्या चित्रासारखं आडवं पसरतं आणि त्यावर दोन दांडे असतात, एक सुरुवातीचा, एक शेवटाचा. बोटाने ते सरकवायचे. अख्खं गाणं एवढ्याशा पडद्यावर असतं तेव्हा बोट तसूभर हललं तरी दांडा दोन-तीन सेकंद उडी मारतो. म्हणून आधी दोन बोटांनी चित्र ताणून मोठं करायचं. मग ढोलकीची प्रत्येक थाप वेगळी दिसू लागते: डावीकडून एकदम उभा कडा आणि उजवीकडे हळूहळू उतरत जाणारा उतार. दांडा त्या कड्याच्या किंचित आधी लावायचा. कड्यानंतर लावला तर थापेचा मारच जातो. ‘धा’ मागितला तर ‘आ’ हाती येतो. मामाला हे दाखवलं तेव्हा तो चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लावून बसला. आयुष्यभर जो बोल हाताने काढला, तो दिसतो कसा हे त्याने प्रथमच पाहिलं होतं. ‘ह्याची चाट जरा उतरलेली आहे,’ त्याने चित्र बघूनच सांगितलं. मी ते पडताळून पाहायच्या भानगडीत पडलो नाही.

रिंगटोन संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खरी कसोटी तो जोड. बहुतेक माणसं शब्द बघून कापतात, ओळ संपली की कात्री. परिणाम असा होतो की ठेका साडेपाच मात्रांवर तुटतो आणि पुढचा पहिल्या मात्रेपासून सुरू होतो. न कळणाऱ्यालाही काहीतरी ठेचकाळल्यासारखं होतं. कळणाऱ्याचं तर रक्त आटतं. बसमध्ये अशी एक रिंगटोन वाजली की मामा तिकिटावर बोटं आपटून ती समेवर आणून सोडतो.

उपाय सोपा आहे: तुकड्यात आवर्तनं पुरी बसली पाहिजेत. आमची लावणी केरव्यात, म्हणजे आठ मात्रा. मामाने टाळी धरली, मी घड्याळ लावलं. एकेक आवर्तन मोजण्यात हाताची चूक फार येते, म्हणून दहा आवर्तनं एका दमात मोजली. अठ्ठावीस सेकंद भरली. म्हणजे आवर्तन २.८ सेकंदांचं. दहा आवर्तनं ठेवली तर तीस सेकंदांच्या आत बसतात. सुरुवातीचा दांडा ४७.३ सेकंदांवर होता, म्हणून शेवटचा ७५.३वर, म्हणजे गाण्याच्या १ मिनिट १५.३ सेकंदांवर.

गणित बरोबर होतं आणि तरी जोड जरासा लंगडला. कारण जुन्या गाण्यातला ठेका यंत्राने धरलेला नसतो. ढोलकीवाला माणूस असतो, बाई रंगात आल्या की तोही केसभर पुढे सरकतो. आजच्या संगणकावर बांधलेल्या गाण्यात गणित टाकलं की काम झालं. जुन्यात गणिताने दांडा गल्लीपर्यंत नेऊन ठेवायचा आणि घर कानाने शोधायचं. मामा डोळे मिटून बसला. मी शेवटचा दांडा थोडा थोडा मागे घेत होतो. ‘उशीर... उशीर... अजून उशीर... आता घाई झाली. मघाचं जे होतं ते.’ मघाचं जे होतं ते परत मिळवायला अॅपमध्ये सेकंद आकड्यात टाकायची सोय असते, ती तेवढ्यासाठीच वापरावी; बोटाने ते जन्मात सापडत नाही.

खरी मेख पुढे निघाली. आम्ही समेवरून कापलं होतं आणि बाईंचं गाणं समेवरून सुरूच होत नव्हतं. त्या पाचव्या मात्रेपासून शब्द उचलत होत्या आणि समेवर नेमका वजनदार अक्षराने येऊन बसत होत्या. गाण्याची गंमतच ती. पण आमच्या रिंगटोनमध्ये पहिल्या दोन अक्षरांचं मुंडकं उडालं होतं आणि ती दोन अक्षरं तुकड्याच्या शेवटी, पुढच्या ओळीची म्हणून, लोंबत होती. मी म्हटलं, ‘सुरुवातीचा दांडा चार मात्रा मागे घेऊ.’

‘मग शेवटचाही घे,’ मामा म्हणाला. ‘सम कशाला पाहिजे? जिथून उचललं तिथंच आणून ठेवलं की झालं.’

हे वाक्य कुठल्याही अॅपच्या मदतीच्या पानावर नाही. सम महत्त्वाची नाही, आवर्तन पुरं होणं महत्त्वाचं. पाचव्या मात्रेवर उचललंत तर पाचव्या मात्रेवर सोडा. दोन्ही दांडे चार मात्रा, म्हणजे १.४ सेकंद मागे आले. त्यातही आमचं नशीब असं, की दहा आवर्तनांनंतर बाई मुखडाच पुन्हा घेत होत्या. त्यामुळे शेवटी एखादं अक्षर सांडलं तरी ते सुरुवातीचंच अक्षर. तुकडा फिरून आला तरी बाई एका दमात पुन्हा गातायत असंच वाटायचं. गाण्यात अशी जागा मिळाली तर सोडू नये.

जोडावर एक बारीकसा ‘टक्’ मात्र राहिला. लाट वर असताना मध्येच कापली आणि पुढची खालून सुरू झाली की स्पीकरचा पडदा एका झटक्यात उडी मारतो, त्याचा हा आवाज. लाट मधल्या रेषेला टेकते नेमकं तिथंच कापलं तर तो येत नाही. संगणकावरच्या ऑडॅसिटीत `Z` दाबलं की निवडलेल्या भागाच्या दोन्ही कडा जवळच्या अशा जागी आपोआप सरकतात. ते फुकटच आहे आणि तिथं कोंबडीही नाही. फोनमधल्या अॅपांत ही सोय सहसा नसते, तिथं चढ-उताराची असते: `Fade in`, `Fade out`. ही सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी दिली की टक् जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण अॅप आपणहून दोन-दोन सेकंदांचे चढ-उतार सुचवतं आणि लोक हो म्हणतात. मग दर फेरीला गाणं मान टाकतं, दोन सेकंद निपचित पडतं आणि हळूहळू शुद्धीवर येतं. फोन करणारा माणूस आजारी आहे की काय अशी शंका येते.

साठवताना अॅप विचारतं, कुठल्या प्रकारात? `.mp3` सगळीकडे चालतं, पण ते बनताना तुकड्याला कडेला किंचित शांतता चिकटू शकते. मामाइतक्या तयार कानाला ती जोडावर जाणवते. म्हणून अॅपमध्ये सोय असेल तर `.ogg` घ्यावं. अँड्रॉइडच्या स्वतःच्या रिंगटोन त्याच प्रकारात असतात. फाईल फोनच्या `Ringtones` नावाच्या फोल्डरमध्ये गेली पाहिजे. तिथं नसेल तर सेटिंगमधल्या यादीत ती सहसा दिसत नाही आणि माणूस अॅपला शिव्या घालत पुन्हा कोंबडीपासून सुरुवात करतो. आणि नाव नीट द्यावं. मामाच्या यादीत आता ‘लावणी’, ‘लावणी नवी’, ‘लावणी नवी खरी’ आणि ‘हीच’ अशा चार नोंदी आहेत. वाजते ती ‘हीच’.

सगळं झाल्यावर मामाने उत्साहाने मला फोन केला. ‘आली का लावणी ऐकू?’

मला ऐकू आली होती नुसती ट्रिंग ट्रिंग. मामा, ती तुझ्या फोनवर वाजते, तुझ्या खोलीत. तुला फोन करणाऱ्याला जे ऐकू येतं ती कॉलर ट्यून, ती कंपनीकडून येते, तिला वेगळं मागावं लागतं आणि ती कापायला आपल्या हाती देत नाहीत. हे मी समजावून सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प होता. ‘म्हणजे एवढी मेहनत फक्त माझ्यासाठी?’ त्याने विचारलं. आणि मग स्वतःच म्हणाला, ‘बरंच झालं. लोकांना जोडातलं काय कळतंय?’

आठवडाभराने मामीचा फोन आला. तिची तक्रार अशी की मामा फोन उचलत नाही. मंडईतून विचारावं, शेवग्याच्या शेंगा घेऊ का, तर नुसतं वाजत राहतं आणि बंद पडतं. मी मामाला विचारलं. तो म्हणाला, ‘अरे, जोड ऐकतो मी. इतका बेमालूम झालाय, मध्येच कसा तोडायचा?’

हिशेब उघड होता. जोड येणार अठ्ठाविसाव्या सेकंदाला, फोन बंद पडणार तिसाव्याला. मधल्या दोन सेकंदांत मामाने दाद द्यायची, चष्मा शोधायचा आणि हिरवं बटण ओढायचं. मी रविवारी मिरजेला जाऊन तुकडा निम्मा केला. पाच आवर्तनं, चौदा सेकंद. तिथंही बाई पाचव्याच मात्रेवर शब्द उचलत असल्याने जोड बरा बसला. आता तो चौदाव्या सेकंदालाच ऐकू येईल आणि नंतर मामीशी बोलायला सोळा सेकंद हाताशी राहतील, असं मी त्याला नीट समजावलं.

‘छान,’ मामा म्हणाला. ‘म्हणजे अठ्ठाविसाव्याला दुसऱ्यांदा येणार.’

मामी हल्ली शेंगा न विचारताच आणते.